पट्टा पडण्याआधीच्या सात पोस्ट

पुस्तकाचे गठ्ठे छापखान्यातून आले तेव्हा सिस्टरांनी वरची एक प्रत काढली, मुखपृष्ठाकडे न बघता श्रेयपानावर गेल्या आणि तिथला स्वतःचा फोन नंबर बोट ठेवून आकडा-आकडा तपासला. मग म्हणाल्या, “सर, छापून तर झालं. आता तिकडं कसं कळवायचं?”

तिकडे म्हणजे श्रीपूरकडे. साखर कारखान्याच्या परिसरातल्या आरोग्य उपकेंद्रात त्यांनी अठरा वर्षे परिचारिका म्हणून काढली होती. हंगामात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येत, शिवाराच्या कडेला पाचट आणि प्लॅस्टिकच्या कोप्या घालून राहत. त्या कोप्यांतल्या बायकांची बाळंतपणे, ताप, कोयत्याच्या जखमा यांबद्दल सिस्टरांनी निवृत्तीनंतर सोलापुरात बसून लिहिले. कुणी प्रकाशक मिळतो का याची वाट दोन वर्षे पाहिली. मग आयएसबीएन क्रमांक स्वतःच्या नावावर घेतला आणि पुस्तक स्वतःच काढले.

मी एका दैनिकाच्या डेस्कवर तीस वर्षे उपसंपादक होतो. ओळखीतून मुद्रितशोधनाचे काम माझ्याकडे आले. ते संपल्यावर प्रसिद्धीचेही बघाल का, असे त्यांनी विचारले. बातमी लोकांपर्यंत कशी पोहोचते हे मला माहीत आहे, अशी तेव्हा माझी समजूत होती.

सिस्टरांची अट एकच होती. “पुस्तकात ज्या बाया हाय्त, त्यांच्या कानावर हे पडलं पाहिजे. पट्टा पडायच्या आत. एकदा टोळ्या उठल्या की कोण कुठं जाईल सांगता येत नाही. पुढच्या साली दुसऱ्या कारखान्यावर जातील. मग हे पुस्तक मी कुणाला दाखवू?”

पट्टा पडणे म्हणजे कारखान्याचे गाळप बंद होणे. तो दिवस आधी जाहीर होतो, पण पक्का नसतो. ऊस संपला की संपला. त्या वर्षी मार्चअखेरीचा अंदाज होता. आम्ही सोलापुरातल्या एका वाचनालयाचे सभागृह त्याच्या आधीच्या रविवारी घेतले. त्या दिवशी टोळ्यांतल्या निदान दहा-बारा बायका गाडी करून येतील आणि पुढच्या रांगेत बसतील, असा सिस्टरांचा हिशेब होता. पाहुणे म्हणून एक निवृत्त प्राध्यापक ठरले.

फोनवर पाठवायच्या पोस्टांचे काम सात रस्त्याजवळच्या एका गल्लीतल्या डीटीपीच्या दुकानात झाले. दुकान चालवणाऱ्या बाई विणकर घरातल्या. घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याशी भांडताना दखनी. पत्रिका, फलक, वाढदिवसाच्या शुभेच्छा, सगळे त्या करत. मला त्या काका म्हणत आणि सिस्टरांना पहिल्या दिवसापासून अक्का.

मी पहिल्या पोस्टचा मजकूर लिहून नेला. त्यांनी तो मोठ्याने वाचला. “श्रीपूर परिसरातील आरोग्य उपकेंद्रात अठरा वर्षे सेवा बजावलेल्या निवृत्त परिचारिकेच्या ऊसतोड महिलांविषयीच्या अनुभवांवर आधारित पहिल्या पुस्तकाचे प्रकाशन येत्या रविवारी सायंकाळी पाच वाजता…” वाचता वाचता त्या थांबल्या.

“काका, झालं की सगळं.”

“काय झालं?”

“कोण, काय, कधी, कुठं. पहिल्याच ओळीत उरकलंत. आता दहा दिवस लोकांनी काय बघायचं? माझं तोंड?”

बातमीत महत्त्वाचे आधी येते आणि कमी महत्त्वाचे खाली जाते. जागा कमी पडली तर खालून कापता यावे म्हणून. मी तसे सांगितले.

“हितं कुणी कापत नाही. हितं अंगठ्यानं वर ढकलतात,” त्या म्हणाल्या. “थोडं द्यायचं आणि हात मागं घ्यायचा. अक्का, पुस्तकातली एखादी ओळ सांगा.”

सिस्टरांनी पुस्तक उघडलेसुद्धा नाही. “कोपीबाहेर कुणी खोकलं, की मी पिशवी उचलायची.”

“कोण खोकायचं?”

“बाईचा नवरा. दार न्हवतं ना वाजवायला. आणि हाक मारायची लाज.”

दुकानाच्या बाईंनी माझ्याकडे पाहिले. “एवढंच टाकायचं. नाव नाही, तारीख नाही, पुस्तक आहे हेपण नाही.”

त्या दुपारी सात पोस्टांचा क्रम ठरला. प्रकाशनाच्या दहा दिवस आधी, गुरुवारी, ती एक ओळ. शनिवारी मुखपृष्ठाचा अर्धा भाग. सोमवारी सिस्टरांच्या आवाजात मिनिटभराचा उतारा. बुधवारी पूर्ण मुखपृष्ठ, तारीख आणि ठिकाण. शुक्रवारी पुस्तकातला एक परिच्छेद. शनिवारी आठवण. रविवारी सकाळी प्रकाशनाची पोस्ट, पुस्तक मागवण्याच्या फॉर्मची लिंक तिच्याखालच्या पहिल्या कमेंटमध्ये, कारण लिंक पोस्टमध्येच घातली तर ती कमी लोकांना दिसते असा बाईंचा अनुभव होता. स्टेटससाठी उभे चित्र, पेजसाठी चौकोनी. पुस्तक ज्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवले होते त्यातला मजकूर तसाच चिकटवला तर फोनवर त्याची अगम्य अक्षरे होत, म्हणून प्रत्येक ओळ युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केली.

या सगळ्यात माझी भर एकच, आणि ती छपाईच्याही आधीची. पुस्तकावर आणि पोस्टवर सिस्टरांचा जुना नंबर द्यायचा नाही, त्यासाठी नवे सिम घ्यायचे. बाईमाणसाचा खासगी नंबर छापायचा नाही, हा आमच्या डेस्कवरचा नियम होता. तो मोडल्याचे परिणाम मी पाहिले होते. एका शिवणक्लासच्या जाहिरातीत घरचा नंबर गेला आणि त्या बाईंना फोन बंद ठेवून महिना काढावा लागला. सिस्टरांना मी ते सांगितले. त्या म्हणाल्या, “माझा नंबर तर तिकडं कोपीच्या मेढीवर कोळशानं लिवलेला असायचा.” पण त्यांनी ऐकले. मुलाचा पडून असलेला फोन घेतला, नवे सिम घातले. स्वतःच्या जुन्या फोनमधली सगळी नावे त्यात उतरवून घेतली आणि त्यांची एक ब्रॉडकास्ट लिस्ट केली. मुकादम, टोळ्यांतल्या बायका, आरोग्य खात्याच्या गावोगावच्या आशाताई, कारखान्याच्या वसाहतीतली घरे. एक निरोप पाठवला की प्रत्येकाला वेगवेगळा जातो. नीटनेटकी व्यवस्था होती.

गुरुवारी पहिली पोस्ट पेजवर, स्टेटसवर आणि या लिस्टवर गेली. सिस्टरांच्या भावाने अंगठा पाठवला. एका भाचीने “आत्या, बरी आहेस ना?” असे विचारले, कारण तिला खोकल्याचा अर्थ लागला नव्हता. शनिवारी अर्धे मुखपृष्ठ गेले. तिघांनी अभिनंदन लिहिले, तिघेही सोलापुरातले. तिसऱ्या पोस्टसाठी आवाज दुकानातच रेकॉर्ड केला, पंखा बंद करून. मजकूर मी प्रमाण भाषेत नीट करून दिला होता. सिस्टर तो शाळेत धडा वाचतात तसा वाचत होत्या. चौथ्या वेळी दुकानाच्या बाई म्हणाल्या, “अक्का, आकाशवाणीवर हवामान सांगता काय?” सिस्टर हसल्या आणि पाचव्या वेळीही तसेच वाचले. तेच पाठवले.

तिकडून काहीच आले नाही. एकाही बाईचा, एकाही मुकादमाचा शब्द नाही.

मंगळवारी सिस्टर दुकानात आल्या तेव्हा त्यांनी चहा नको म्हणून सांगितले. “त्यांना आवडलं नसंल,” त्या म्हणाल्या. “आमचं लिवून ही मोठी झाली, असं वाटलं असंल. लिवू का म्हणून मी इचारलं होतं. तवा हसल्या होत्या सगळ्या. हसणं म्हणजे व्हय असतं का?”

मी म्हणालो की कामाचे दिवस आहेत, फोन बघायला सवड नसेल.

“सर, त्या दिवसभर गाणी ऐकत्यात फोनवर. मोळी बांधताना सुदिक.”

त्यांचे म्हणणे असे, की त्या बायकांना हे नको असेल तर रविवारचा कार्यक्रम कशाला करायचा? गठ्ठे बांधलेलेच राहू देत.

बुधवारी चौथी पोस्ट तयार होत होती. मुखपृष्ठाखाली तारीख बसत नव्हती. तेवढ्यात सिस्टरांच्या पिशवीत जुना फोन वाजला. त्या फोनवर कानाशी धरून नीट ऐकू येत नसे, म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

“बाई, हाय का जित्ती?” पलीकडून एका बाईचा खणखणीत आवाज आला.

“हाय की. तू कुटनं बोलतीस?”

“फडातनं, ऊस तोडतीया. सुनंला सातवा लागलाय. पाय सुजल्यात तिचं. हितल्या नव्या सिस्टरनं गोळ्या दिल्यात, पर ही घेत न्हाय, कडू लागत्यात म्हणती. तू जरा दम दे तिला.”

सिस्टरांनी आधी सुजेबद्दल विचारले. डोके दुखते का, डोळ्यांपुढे अंधारी येते का. मग म्हणाल्या, “सूज नुसती बघत बसू नको. आज सांजच्याला उपकेंद्रात ने, ब्लडप्रेशर बघून घे. गोळीचं मागनं. आधी हे.”

“व्हय, नेते.”

“नेते न्हवं, नेलंच पायजे. मी सांजी फोन करते.” मग जरा थांबून त्यांनी विचारले, “अगं, मी पाठवलेलं बघितलंस का तू?”

“काय पाठवलंस? लाडू?”

“पुस्तकाचं. फोनवर.”

“कसलं पुस्तक? तुजं? झालं व्हय लिवून? मेले, आमाला सांगायचं न्हाय का! आमचं लिवलंस का न्हाय त्यात?”

“चार वेळा…” सिस्टर थांबल्या. “तीन वेळा पाठवलं की गं.”

“मला काय बी आलं न्हाय. त्या रकमीला इचारू का? ए…” पलीकडे हाका मारल्याचा आवाज आला. “तिला बी न्हाय आलं. कुणालाच न्हाय.”

दुकानाच्या बाईंनी न विचारता सिस्टरांचा नवा फोन उचलला, ब्रॉडकास्टचा पहिला निरोप दाबून धरला आणि त्याची माहिती उघडली. ‘पोहोचले’ या शब्दाखाली मोजून नऊ नावे होती. बाकीची सगळी खालच्या भागात, पुढे नुसती रेघ.

“काका,” त्या म्हणाल्या, “ब्रॉडकास्ट कुणाला जातो माहितीय? ज्याच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह आहे त्यालाच. आपल्याकडं त्यांचे नंबर असून उपयोग नाही. त्यांच्याकडं आपला पाहिजे. स्टेटसचंपण तेच. या नव्या नंबरला ओळखतंय कोण? भाऊ आणि भाची.”

फोन अजून चालू होता. पलीकडची बाई विचारत होती, “काय म्हणतीया ती?”

“चूक झाली म्हणतीया,” सिस्टर म्हणाल्या. त्यांचा चेहरा मात्र गेल्या आठवड्यात प्रथमच मोकळा दिसला. त्यांनी मला विचारले नाही, पण मी स्वतःच म्हणालो की नंबरची कल्पना माझी होती.

“रविवारी येशील का?” सिस्टरांनी फोनमध्ये विचारले. “सोलापूरला. सगळ्याजणी या.”

“रविवारी?” ती बाई म्हणाली. “अगं, शुक्रवारी पट्टा पडतुया. ऊस न्हाय राहिला. शनिवारी सकाळी गाड्या भरायच्या, आन् चाललो आमी गावाला.”

अंदाज मार्चअखेरीचा होता, पण ऊस आधी संपला होता. हातात बुधवारची संध्याकाळ, गुरुवार आणि शुक्रवार होता.

फोन ठेवून सिस्टर म्हणाल्या, “मी शुक्रवारी जाते. पुस्तकं घेऊन.”

मी म्हणालो की रविवारी प्रकाशन आहे. त्याआधी प्रती बाहेर गेल्या तर प्रकाशन कशाचे? पाहुण्यांना ते चालेल का, हाही प्रश्न होता. वृत्तपत्रात एखादी माहिती अमुक वेळेआधी छापायची नाही असे कळवलेले असते आणि ते पाळायचे असते. मी तिथेच उभा राहून प्राध्यापकांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, “प्रकाशन दोनदा होत नाही हो. मग मी तिथं येऊन काय सोडायचं, नुसती फितीची गाठ?”

माझ्याही फोनचा स्पीकर चालू होता. सिस्टरांनी माझ्या हातातला फोन मागून घेतला. “सर, नमस्कार. मूल झालं की बारशाच्या आधी घरातली माणसं बघतातच की त्याला. बारसं तुमच्याच हातानं हाय. हे घरातलं हाय.”

प्राध्यापक हसले. “बरं. घरातलं असेल तर माझी काय हरकत?”

राहिला पोस्टांचा प्रश्न. तीन गेल्या होत्या. बुधवारचे मुखपृष्ठ, शुक्रवारचा परिच्छेद, शनिवारची आठवण हे सगळे आता निरर्थक होते. मी म्हणालो, दुरुस्ती द्यावी लागेल. वर्तमानपत्रात चूक झाली की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर, सर्वांत लहान अक्षरात दुरुस्ती छापतात. वाचकाला ती दिसली नाही तरी चालते, छापल्याची नोंद राहते. दुकानाच्या बाई म्हणाल्या, “लहान कशाला? मोठीच छापा. चूक आपली आहे, तर दिसू दे.”

मी लिहिले: दुरुस्ती. आमच्या पहिल्या तीन पोस्ट ज्यांच्यासाठी होत्या, त्यांच्यापर्यंत पोहोचल्या नाहीत, कारण त्या नव्या नंबरवरून गेल्या होत्या. हे पुस्तक शुक्रवारी दुपारी श्रीपूरला कोप्यांवर वाचले जाईल. रविवारी सोलापुरात प्रकाशन ठरल्याप्रमाणे होईल.

एक शब्द आणि तीन वाक्ये. पांढऱ्या पाठीवर काळी अक्षरे, चित्र नाही. ही चौथी पोस्ट.

पाचवी सिस्टरांनी केली. मजकूर लिहून देऊ का विचारले तर नको म्हणाल्या. जुना फोन तोंडाशी धरला आणि पंखा चालू असतानाच बोलायला लागल्या.

“मी उपकेंद्रातली बाई बोलतीया. नंबर जुनाच हाय. मी तुमचं पुस्तक लिवलंय. तुमचं म्हंजी तुमचंच, माजं त्यात थोडंच हाय. शुक्रवारी येतीया दुपारच्याला, कोप्या मोडायच्या आत. कुटं जाऊ नका. ज्यांचं वाईट लिवलंय त्यांनी आधी या, म्हंजी भांडाण लवकर उरकंल. आन् ज्या पोटुशी हाय्त त्यांनी गोळ्या घेऊन या, मी मोजनार हाय.”

ते तसेच, जुन्या नंबरच्या जुन्या ब्रॉडकास्टवरून गेले. त्या नंबरची लिस्ट उपकेंद्राच्या दिवसांतली होती, लसीकरणाच्या तारखा कळवायला केलेली. दुकानाच्या बाईंनी पाच मिनिटांनी माहिती उघडली. पोहोचलेल्यांची नावे खाली सरकवत न्यावी लागत होती.

उत्तरे लिहून आली नाहीत, बोलून आली. संध्याकाळी सहापर्यंत सिस्टर दुकानातच बसून एकेक ऐकत होत्या. एक बाई नुसती हसत होती. एकीने विचारले की माझे नाव घातलेस का. नसेल घातले तर घाल, आणि घातले असेल तर नवऱ्याचे घालू नको. एका मुकादमाने सांगितले की दुपारी तीननंतर सगळे मोकळे असतील, ट्रॉलीवर बसायची सोय करतो. एका मुलीचा आवाज होता, ती म्हणाली की माझा जन्म तुमच्या हातचा आहे, आता मी अकरावीला आहे, वाचायचे असेल तर मी वाचते. सातच्या आत त्या पहिल्या बाईचा पुन्हा फोन आला. सून उपकेंद्रात जाऊन आली होती. ब्लडप्रेशर ठीक होते.

दुरुस्तीची पोस्टही फिरली. दैनिकातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी ती पुढे पाठवली. त्यांपैकी एकाने लिहिले की तीस वर्षांत तुझी सर्वांत मोठ्या टाइपातली दुरुस्ती.

शुक्रवारी आम्ही तिघे गेलो. दुकानाच्या बाईंनी दुकान बंद ठेवले आणि शटरवर कागद लावला. दोन एसट्या बदलून तीनच्या सुमारास पोहोचलो. कारखान्याची चिमणी थंड होती. रस्त्याने रिकाम्या ट्रॉल्या चालल्या होत्या. अर्ध्याअधिक कोप्यांची प्लॅस्टिके उतरवून घड्या घातलेली होती. एका ट्रॉलीला चादर बांधून सावली केली होती. तिच्याखाली तीस-पस्तीस बायका बसल्या होत्या, आणि मागे उभे पुरुष.

“आली गं, आली,” फडातून फोन करणारी बाई उठली. पन्नाशीची, उंच, दंडावर गोंदलेली. तिने सिस्टरांना मिठी मारली नाही. हातातली पिशवी काढून घेतली. “वाळलीस. शहरात काय खायाला घालत न्हाईत का?”

पुस्तकातले तिसरे प्रकरण या बाईचे होते. नाव बदललेले. ते सिस्टरांनीच वाचायचे ठरवले होते, पण पहिल्या पानावरच थांबून त्यांनी प्रत पुढे धरली. तेव्हा अकरावीतली मुलगी पुढे झाली आणि तिने वाचले. कडाक्याच्या थंडीचा जानेवारी, कोपीतला कंदील, बाजूला झोपलेली दोन पोरे, आणि पोट दुखू लागल्यावरही संध्याकाळची गाडी भरून मगच बसलेली बाई. शेवटी वाक्य होते: ती रडली नाही.

“थांब,” ती उंच बाई म्हणाली.

मुलगी थांबली. सिस्टर उभ्याच होत्या. त्यांनी ट्रॉलीची कड धरली.

“मी रडले न्हाय? लई रडले. तू भायेर चुलीवर पाणी तापवत हुतीस, तुला काय कळतंय? तोंडात पदर घालून रडले. पोरं उठतील म्हणून.”

सिस्टर म्हणाल्या, “मग चुकलं माझं.”

“चुकलं न्हवं. तुला दिसलं तेवढं लिवलंस. पर आता कळलं न्हवं? घाल त्यात.”

सिस्टरांनी पिशवीतून पेन काढले. मुलीच्या हातातली प्रत घेतली, ‘नाही’ खोडले आणि समासात ती बाई बोलली ते तसेच लिहिले. बायका वाकून बघत होत्या. ज्यांना वाचता येत नव्हते त्याही बघत होत्या. मग आणखी एकीने सांगितले की आमच्या टोळीत बाळ गेले ते बुधवारी नव्हे, बाजाराच्या दिवशी. तेही लिहिले. एकीने सांगितले की तिच्या सासूला पुस्तकात चांगली दाखवली आहे, ती तशी नव्हती. त्यावर मोठा वाद झाला. सासू हयात होती आणि दोन रांगा मागे बसली होती. सिस्टरांनी ते तसेच ठेवले.

मी त्या दिवशी सगळ्या दुरुस्त्या एका कागदावर क्रमाने उतरवून घेतल्या, पान आणि ओळ घालून. बारा झाल्या. पुढच्या छपाईत त्या घ्यायच्या असे तिथेच ठरले. श्रेयपानावरचा नंबरही त्यात होता. आणलेल्या प्रतींवर सिस्टरांनी तो पेनाने बदलून दिला. प्रत्येक प्रतीवर, वीस वेळा.

शनिवारी टोळ्या गेल्या. सहावी पोस्ट आदल्या दिवसाची होती. दुकानाच्या बाईंनी काढलेला एकच फोटो: उघडे पान, समासातली पेनाची अक्षरे, आणि पानाच्या कडेला तीन वेगवेगळ्या हातांची बोटे. मजकूर नव्हता.

रविवारी सकाळी सातवी, प्रकाशनाची, पोस्ट गेली. वेळ, ठिकाण, पहिल्या कमेंटमध्ये फॉर्म. ती मी लिहिली होती आणि तिच्यात कोण, काय, कधी, कुठे सगळे होते. या वेळी दुकानाच्या बाईंनी काही कापले नाही.

सभागृहात लोक बऱ्यापैकी जमले. वसाहतीतली दोन घरे आली, आशाताई आल्या, डेस्कवरचे जुने लोक आले. प्राध्यापक वेळेवर आले. पाचला पाच मिनिटे असताना सिस्टरांचा जुना फोन वाजला आणि त्या मागच्या दाराजवळ गेल्या. मी बोलवायला गेलो.

पलीकडे एक अनोळखी बाई होती. सांगलीकडच्या कारखान्यावरून बोलत होती. तिला तो आवाजाचा निरोप कुणाच्या तरी बहिणीकडून आला होता. ती म्हणत होती, “तुमी त्या टोळीचं लिवलं म्हणं. आमचं बी लिवा की. आमच्या हितं यंदा तीन बाळंतपणं झाली, एक तर ट्रॉलीतच झालं.”

सिस्टरांनी माझ्याकडे हात केला. मी खिशातला कागद आणि पेन दिले.

“गाव सांगा,” त्या फोनमध्ये म्हणाल्या. “टोळीत किती जणी हाय्त? आन् ट्रॉलीत झालं तवा जवळ कोण हुतं? दमानं सांगा, मी लिवून घेतीया.”

मी सभागृहात परत गेलो आणि प्राध्यापकांना सांगितले की कार्यक्रमाला दहा मिनिटे उशीर होईल, लेखिका कामात आहेत.